पुरवठादाराचा भरवसा आणि गोदामातला सेफ्टी स्टॉक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर या पट्ट्यातल्या लहान-मध्यम कारखान्यांत खरेदी किंवा स्टोअर सांभाळणाऱ्यांसाठी हे पान आहे. सगळीकडे एकच उदाहरण घेतलंय: जळगाव एमआयडीसीत ठिबकची लॅटरल नळी काढणारा एक कारखाना आणि त्याला लागणारा काळा मास्टरबॅच, म्हणजे मुख्य दाण्यात मिसळायचा कार्बनवाला दाणा. कारखाना आणि दोन्ही पुरवठादार समजावण्यापुरते कल्पिलेले आहेत. आकडेमोड मात्र पूर्ण केलेली आहे, कागद-पेन घेऊन पडताळून पाहा.

उदाहरणाला मास्टरबॅचच का? मुख्य माल तर प्लास्टिकचा दाणा आहे.

मुख्य दाण्यावर मालकाचं स्वतःचं लक्ष असतं. त्याचा भाव रोज विचारला जातो, गाडी कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. लाइन थांबते ती बहुतेक वेळा लहान मालामुळे. लॅटरल नळीसाठी आयएस १२७८६ हे मानक आहे आणि त्यात कार्बन ब्लॅकचं प्रमाण २.५ टक्के, अधिक-उणे अर्धा टक्का, असं ठरलेलं आहे. हा कार्बन उन्हातल्या अतिनील किरणांपासून नळी वाचवतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो कमी पडलेली नळी लवकर तडकते. म्हणजे मास्टरबॅच संपला तर "आजच्या दिवस थोडा कमी टाकू" हा रस्ता बंद आहे.

बाजारात ४० टक्के कार्बनचा मास्टरबॅच सर्रास मिळतो. दिवसाला ४,८०० किलो नळी काढायची असेल तर १२० किलो कार्बन हवा, म्हणजे ३०० किलो मास्टरबॅच. पंचवीस किलोच्या बारा बॅगा. वजनात हा माल सहा टक्क्यांच्या आसपास आहे, पण तो नसला तर उरलेले चौऱ्याण्णव टक्के जागेवर पडून राहतात. नळी काढणारा एक्स्ट्रूडर थंड झाला की पुन्हा तापवणं, डाय साफ करणं आणि सुरुवातीचा खराब माल हा खर्च वेगळाच.

स्कोअरकार्डमध्ये नक्की काय लिहायचं? आमच्याकडे दर तिमाहीला प्रत्येक पुरवठादाराला शंभरपैकी गुण देतात.

गुण देण्याला माझी हरकत नाही, पण गुणांनी सेफ्टी स्टॉक, म्हणजे उशीर झालाच तर म्हणून राखून ठेवायचा जास्तीचा माल, ठरत नाही. तो ठरतो दिवसांनी. प्रत्येक ऑर्डरला एक ओळ असावी आणि त्या ओळीत चार तारखा: पीओ पाठवल्याची, पुरवठादाराने पहिल्यांदा कबूल केलेली, माल गेटवर आल्याची आणि तपासणी होऊन माल वापरायला मोकळा झाल्याची. शेवटी एक रकाना उशिराच्या कारणाचा. एवढ्यावर बाकी सगळं निघतं.

कबूल केलेली तारीख पहिलीच धरायची, हा नियम मोडू देऊ नका. माल निघाला नाही की फोन येतो, "शेठ, सोमवारी नाही, गुरुवारी देतो." आपला माणूस सिस्टिममध्ये गुरुवार टाकतो, माल गुरुवारी येतो आणि स्कोअरकार्डवर "वेळेवर" उमटतं. असं वर्षभर चाललं की कागदावर सगळे पुरवठादार उत्तम दिसतात आणि स्टोअरमध्ये मात्र माल नसतो. बदललेली तारीख हवी तर वेगळ्या रकान्यात लिहा, पहिली पुसू नका.

लीड टाइम मोजायचा कुठून आणि कुठपर्यंत?

सेफ्टी स्टॉकसाठी गरज लक्षात आल्यापासून माल वापरायला मोकळा होईपर्यंत. त्यात आपल्या साहेबांच्या सहीला लागलेले दोन दिवस येतात आणि लॅबमध्ये पडून राहिलेला एक दिवसही येतो. एक्स्ट्रूडरला उशीर कोणाचा याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला माल हवा असतो.

पुरवठादाराचा हिशेब करताना मात्र त्याचेच दिवस धरा: पीओ मिळाल्यापासून माल आपल्या गेटवर येईपर्यंत, आणि वाहतूक आपल्या खर्चाची, आपण ठरवलेल्या ट्रान्सपोर्टची असेल तर त्याच्या गोदामातून निघेपर्यंत. अॅडव्हान्स आपण चार दिवस उशिरा पाठवला आणि माल चार दिवस उशिरा आला, तर तो त्याचा उशीर नाही. एकाच ओळीतून हे दोन्ही आकडे काढता येतात, म्हणून तर चार तारखा हव्यात. दोन्हींची सरमिसळ केली की पुरवठादार स्कोअरकार्डवर विश्वास ठेवत नाही, आणि तसं करण्यात त्याचं काही चुकत नाही.

वेळेवर येण्याची टक्केवारी जास्त, तो पुरवठादार चांगला. इतकं सरळ नाही का?

नाही, आणि या पानावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. दोन पुरवठादार घेऊ. पहिला वापीकडचा. तो सात दिवस सांगतो. त्याच्या मागच्या बारा ऑर्डरींना प्रत्यक्ष लागलेले दिवस असे:

६, ७, ६, ७, ५, ७, ६, १४, ७, ६, १५, १०

दुसरा अहमदाबादकडचा. तो नऊ दिवस सांगतो. त्याचे बारा:

१०, ११, १०, ९, १०, ११, १०, १०, ९, ११, १०, ९

टक्केवारी काढली तर पहिला बारापैकी नऊ वेळा दिलेल्या मुदतीत आहे, म्हणजे ७५ टक्के. दुसरा फक्त तीन वेळा, म्हणजे २५ टक्के. गुणांच्या स्कोअरकार्डवर दुसऱ्याला नोटीस जाईल.

आता तेच आकडे स्टोअरच्या बाजूने वाचा. दुसऱ्याचा माल नऊ ते अकरा दिवसांच्या मध्ये येतोच. तो कबुलीपेक्षा एखादा दिवस जास्त घेतो, पण दर वेळी तेवढाच घेतो. हे एकदा कळलं की आपण ऑर्डर एक दिवस आधी टाकतो आणि विषय संपतो. पहिला सहसा सहाव्या-सातव्या दिवशी येतो, आणि मध्येच कधीतरी पंधराव्या. ती वेळ कोणती, हे आधी कळत नाही. गोदामात जास्तीचा माल ठेवावा लागतो तो याच न कळण्यासाठी. कबूल तारखेपुढे ठरावीक उशीर होत असेल तर तो सरासरीत धरून भागतं. दिवसांची पसरण मात्र साठ्यानेच भरून काढावी लागते.

ही पसरण आकड्यात कशी पकडायची?

स्टँडर्ड डिव्हिएशनने. प्रत्येक ऑर्डर सरासरीपासून साधारण किती दिवस दूर पडते, ते हा आकडा सांगतो. पहिल्याची सरासरी ८ दिवस आणि स्टँडर्ड डिव्हिएशन ३.२८ दिवस. दुसऱ्याची सरासरी १० दिवस, स्टँडर्ड डिव्हिएशन ०.७४. एक्सेलमध्ये दिवसांचा रकाना F असेल तर एवढंच लिहायचं:

```
=AVERAGE(F2:F13)
=STDEV.S(F2:F13)
```

STDEV.S घ्या, STDEV.P नको. आपल्याकडे मोजक्याच ऑर्डरींचा नमुना असतो आणि पहिलं सूत्र त्यासाठीच आहे.

आणि यावरून सेफ्टी स्टॉक कसा निघतो?

वापर आणि पुरवठा दोन्ही हलतात असं धरून सूत्र असं:

```
SS = Z * SQRT( L * sd^2 + d^2 * sL^2 )
```

यात d म्हणजे रोजचा सरासरी वापर, sd म्हणजे त्या वापराची रोजची पसरण, L म्हणजे सरासरी लीड टाइम आणि sL म्हणजे लीड टाइमची पसरण. Z हा आपल्याला किती खात्री हवी त्याचा आकडा. ९५ टक्क्यांसाठी १.६५, ९९ टक्क्यांसाठी २.३३.

आपल्या कारखान्यात रोजचा वापर ३०० किलो आहे आणि त्याची पसरण ४० किलो धरू. वापीकडच्या पुरवठादारासाठी कंसातला पहिला भाग, म्हणजे वापराच्या चढउताराचा, ८ गुणिले १,६०० म्हणजे १२,८०० होतो. दुसरा भाग लीड टाइमच्या चढउताराचा: ९०,००० गुणिले १०.७३, सुमारे ९,६५,००० (३.२८ हा पूर्णांकित आकडा आहे, वर्ग मूळ आकड्याचा घेतलाय). बेरजेचं वर्गमूळ ९८९, त्याला १.६५ ने गुणलं की १,६३२ किलो. म्हणजे ६६ बॅगा.

अहमदाबादकडच्यासाठी पहिला भाग १६,००० आणि दुसरा सुमारे ४९,०००. वर्गमूळ २५५, आणि सेफ्टी स्टॉक ४२१ किलो, म्हणजे १७ बॅगा.

ज्याला २५ टक्के गुण मिळाले त्याच्यासाठी १७ बॅगा राखून ठेवायच्या, आणि ७५ टक्केवाल्यासाठी ६६. शिल्लक किती उरली की नवी ऑर्डर टाकायची, ती रीऑर्डर लेव्हलही काढून पाहा, म्हणजे सरासरी लीड टाइममधला वापर अधिक सेफ्टी स्टॉक. पहिल्यासाठी ती २,४०० अधिक १,६३२, म्हणजे ४,०३२ किलो. दुसऱ्यासाठी ३,००० अधिक ४२१, म्हणजे ३,४२१ किलो. सरासरी दोन दिवस जास्त लावणारा पुरवठादार आपल्याला कमी माल ठेवू देतो. भावाची घासाघीस करताना हा फरक टेबलावर असायला हवा, कारण दुसरा किलोमागे थोडा महाग असला तरी पहिल्याच्या जास्तीच्या बॅगांत अडकलेला पैसा, जागा आणि थांबलेल्या लाइनचा खर्च त्याच्याविरुद्ध मांडता येतो.

आमच्याकडे "दोन दिवसांचा माल नेहमी शिल्लक ठेवा" असा नियम आहे. तो पुरत नाही का?

कोणासाठी, हे विचारा. अहमदाबादवाल्यासाठी दोन दिवस, म्हणजे ६०० किलो, गरजेपेक्षा जास्त आहेत. वापीवाल्यासाठी गरजेच्या निम्म्याहूनही कमी. सगळ्या मालाला आणि सगळ्या पुरवठादारांना एकच दिवस लावले की बेभरवशाच्या पुरवठादाराचा माल संपतो आणि भरवशाच्याचा धूळ खात पडतो. दोन्ही एकाच गोदामात, एकाच वेळी.

काही ठिकाणी सूत्र वापरतात, पण त्यातला फक्त वापराचा भाग घेतात. मग वापीवाल्यासाठी सेफ्टी स्टॉक १८७ किलो येतो, एका दिवसालाही न पुरणारा. लीड टाइम पक्का आहे असं त्या सूत्राने गृहीत धरलेलं असतं. सॉफ्टवेअरमध्ये लीड टाइमचा एकच रकाना असेल आणि पसरण भरायला जागाच नसेल, तर तुमच्याकडेही बहुधा हेच घडतंय.

सूत्राने ९५ टक्के सांगितलं, तरी माल संपला. असं का?

कारण सूत्र असं धरून चालतं की दिवस सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारखे विखुरलेले आहेत. वापीवाल्याचे आकडे पुन्हा पाहा. नऊ ऑर्डरी पाच ते सात दिवसांत आहेत आणि तीन एकदम लांब. खरं तर या दोन वेगळ्या वागणुकी आहेत: सगळं सुरळीत असताना सहा-सात दिवस, आणि काही बिघडलं की दहा ते पंधरा. आठ दिवस ही त्याची सरासरी आहे, पण बारापैकी एकही ऑर्डर आठव्या दिवशी आलेली नाही.

म्हणून सूत्रानंतर एक साधी तपासणी कराच. काढलेली रीऑर्डर लेव्हल घ्या आणि जुन्या ऑर्डरी तिच्यावर एकेक करून चालवून पाहा. ४,०३२ किलो रोजच्या ३०० ने साडेतेरा दिवसांच्या आत संपतात. चौदा आणि पंधरा दिवस लागलेल्या दोन्ही वेळी लाइन थांबली असती. बारापैकी दोन म्हणजे ९५ नाही, ८३ टक्के झाले. पंधरा दिवस निभवायचे तर ४,५०० किलो हवेत, म्हणजे सेफ्टी स्टॉक २,१०० किलो, ८४ बॅगा. अहमदाबादवाल्याची ३,४२१ ची लेव्हल त्याच्या सगळ्यात लांब अकरा दिवसांनाही पुरते, तिथे सूत्र बरोबर बसतं.

सूत्र आणि ही तपासणी यांचे आकडे जवळजवळ आले तर सूत्रावर चाला. लांब पडले तर तपासणीचं ऐका आणि लांबलेल्या ऑर्डरींची कारणं शोधायला लागा.

मग ती पंधरा दिवसांची ऑर्डर काढून टाकली तर? एकदाच तर झालं होतं.

आकडा नको वाटतो म्हणून काढायचा नाही. कारण पाहून ठरवायचं, आणि त्यासाठीच कारणाचा रकाना आहे.

समजा ती ऑर्डर दिवाळीतली होती. गुजरातेतले बरेच कारखाने आणि पेढ्या दिवाळीला बंद होतात त्या लाभपंचमीला उघडतात, आणि कामगार गावाहून परतेपर्यंत आणखी काही दिवस जातात. हे दर वर्षी होतं आणि तारीख पंचांगात आधीच छापलेली असते. आधी माहीत असलेल्या उशिरासाठी वर्षभर जास्तीच्या बॅगा सांभाळण्यात अर्थ नाही. ती ऑर्डर पसरणीच्या हिशेबातून काढा आणि दिवाळीआधीची ऑर्डर एक खेप आधी टाका. तसं केलं की उरलेल्या अकरा ऑर्डरींची पसरण २.५४ दिवसांवर येते आणि सूत्राचा सेफ्टी स्टॉक ६६ बॅगांवरून ५१ वर.

चौदा दिवसांची ऑर्डर मात्र त्याच्याकडे कार्बन ब्लॅक नव्हता म्हणून लांबली असेल, तर ती ठेवायचीच. तसं पुन्हा होऊ शकतं आणि ते सांगून येणार नाही. ५१ बॅगांनी ती ऑर्डर निभत नाही, हेही तपासणीत लगेच दिसेल.

रस्त्याच्या उशिराचंही तसंच. सुरतेकडून येणारी गाडी नवापूर, कोंडाईबारी घाट, धुळे अशी येते. छत्रपती संभाजीनगरकडून येणारी कन्नड घाट उतरून चाळीसगावला येते. २०२१ च्या ऑगस्टअखेर कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला होता. असा प्रकार वर्षभराच्या पसरणीत मिसळण्यापेक्षा घाटमार्गे येणाऱ्या मालाचा पावसाळ्याचा साठा वेगळा काढलेला बरा.

थोडा माल आधी येतो, थोडा नंतर. तारीख कोणती धरायची?

प्रत्येक खेपेची स्वतंत्र ओळ करा आणि तिथे किलो लिहा. स्कोअरकार्डसाठी ऑर्डर पूर्ण झाली ती तारीख धरा, नाहीतर शंभर किलो पाठवून "वेळेवर" म्हणवून घेण्याची सवय लागते. सेफ्टी स्टॉकसाठी थोडा विचार करावा लागेल. १८० बॅगांपैकी १२० सातव्या दिवशी आल्या आणि ६० बाराव्या, तर लाइन थांबण्याचा धोका सातव्या दिवशीच टळला. पहिली खेप दहा दिवस पुरणार असेल तर सेफ्टी स्टॉकच्या हिशेबात मी सात धरेन. पहिली खेप दोनच दिवसांची असेल तर बारा.

तपासणीत नापास झालेला माल आलाच नाही असं समजा. बदली माल पास होईपर्यंत घड्याळ चालू ठेवा.

अजून आलेलीच नाही अशी ऑर्डर स्कोअरकार्डमध्ये कशी घ्यायची?

घ्यायलाच हवी. बहुतेक रिपोर्ट जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, झालेल्या ऑर्डरींवरच चालतात, त्यामुळे सगळ्यात वाईट ऑर्डर, जी अजून रस्त्यातच किंवा पुरवठादाराच्या आश्वासनातच आहे, ती सरासरीत दिसत नाही. ज्या आठवड्यात लाइन थांबायला आली त्याच आठवड्याचा रिपोर्ट छान दिसतो, तो यामुळे. आज अठरावा दिवस असेल तर त्या ओळीत अठरा टाका आणि रंग भरून ठेवा. खरा आकडा अठरापेक्षा कमी असणारच नाही. माल आला की दुरुस्त करा.

याच्या उलट प्रकार म्हणजे स्पेशल गाडी लावून, माणूस पाठवून आणलेला माल. वापीवाल्याची पाच दिवसांची ती ऑर्डर अशीच आलेली असू शकते. त्या दिवसांमागे आपला पैसा आणि धावपळ आहे, पुरवठादाराची नेहमीची चाल नाही. अशा ऑर्डरींवर खूण करा आणि त्या हिशेबाबाहेर ठेवा.

नव्या पुरवठादाराच्या चारच ऑर्डरी झाल्यात. स्टँडर्ड डिव्हिएशन काढू का?

आकडा निघेल, पण पाचव्या ऑर्डरीने तो दुप्पट होऊ शकतो. दहा-बारा ऑर्डरी होईपर्यंत साधा मार्ग धरा: आतापर्यंतचा सगळ्यात लांब लीड टाइम गुणिले सगळ्यात जास्त रोजचा वापर, त्यातून सरासरी लीड टाइम गुणिले सरासरी वापर वजा करा. उरेल तो सेफ्टी स्टॉक. हा आकडा बहुधा जास्त येतो, आणि ओळख नसलेल्या माणसासाठी जास्त आलेलाच बरा.

आमचे खरेदी अधिकारी लीड टाइम आधीच दोन-तीन दिवस वाढवून धरतात. त्यावर सेफ्टी स्टॉक पुन्हा घ्यायचा का?

नाही. एकाच उशिरासाठी दोनदा माल ठेवला जातो. खरेदीने सातचे दहा केले, प्लॅनिंगने दहाचे बारा केले, स्टोअरने वर आठ बॅगा ठेवल्या, आणि नक्की किती जास्त धरलंय हे तिघांनाही माहीत नाही. सिस्टिममध्ये लीड टाइम म्हणून प्रत्यक्ष सरासरी टाका, वाढवलेली नाही. काळजी घ्यायची ती सगळी सेफ्टी स्टॉकमध्ये, एकाच जागी, सगळ्यांना दिसेल अशी.

पुरवठादारही हेच करतात. टक्केवारीवर ताकीद मिळाली की पुढच्या वेळी ते सातच्या जागी पंधरा दिवस सांगतात आणि शंभर टक्के गुण मिळवतात. आपण प्रत्यक्ष दिवसांची सरासरी आणि पसरण पाहत असू तर या वाढवलेल्या मुदतीने आपल्या हिशेबात काहीच बदलत नाही.

९५ टक्के घ्यायचं की ९९?

वर्षात ३०० दिवस काम आणि दर ऑर्डर १८० बॅगांची, म्हणजे पंधरा दिवसांची धरली, तर वर्षात वीस ऑर्डरी होतात. ९५ टक्के म्हणजे त्या विसांपैकी सरासरी एकदा माल संपेल. ते चालेल का, हे मालकाने ठरवायचं, स्टोअरने नाही.

अहमदाबादवाल्यासाठी ९५ वरून ९९ वर जायला फक्त सात बॅगा जास्त लागतात. वापीवाल्यासाठी सुमारे सत्तावीस. भरवशाच्या पुरवठादाराकडून जास्तीची खात्री स्वस्तात मिळते, म्हणून लाइन थांबवणारा माल शक्यतो अशाच माणसाकडे द्यावा.

वर्षभर एकच सेफ्टी स्टॉक चालेल?

ठिबकवाल्यांना नाही. बागायती कापसाची मेमधली लागवड, रावेर-यावलकडची जून-जुलैची मृगबाग आणि ऑक्टोबरपासूनची कांदेबाग यांच्या आधी नळीची मागणी चढते. त्या महिन्यांत रोजचा वापर ३०० चा ४५० झाला, तर लीड टाइमच्या पसरणीतून येणारा सेफ्टी स्टॉकही दीडपट होतो, पुरवठादार जसाच्या तसा असला तरी. हंगामाचा आणि बिगरहंगामाचा आकडा वेगळा ठेवा आणि वाढीव आकडा हंगामाच्या एक लीड टाइम आधीपासून लागू करा.

पावसाळ्यात दुसरी बाजूही आहे. कार्बन ब्लॅकचा मास्टरबॅच हवेतला ओलावा ओढतो, आणि ओला माल गेला की नळीत बुडबुडे, छिद्रं येतात. ८४ बॅगा राखायच्या तर त्या लाकडी पॅलेटवर, न फोडलेल्या, आणि जुनी बॅग आधी या क्रमाने वापरलेल्या हव्यात. सेफ्टी स्टॉक म्हणजे त्याच त्या बॅगा वर्षभर कोपऱ्यात ठेवणं नव्हे. बॅगा बदलत राहतात, शिल्लक तेवढी राहते.

स्कोअरकार्ड पुरवठादाराला दाखवायचा का?

दाखवाच, पण गुण नको, बारा ओळी दाखवा. "तुमचा परफॉर्मन्स खराब आहे" म्हटलं की तो मागच्या वर्षीचं तुमचं थकलेलं बिल काढतो. तारखा समोर असल्या की बोलणं तारखांवर राहतं: "भाऊ, या तीन ऑर्डरींना काय झालं?"

आणि मागायचं काय, हेही ठरवून जा. बहुतेक जण "सातचे पाच करा" म्हणतात. वापीवाल्याला मी उलट सांगेन: सात नको, नऊ सांगा, पण नऊ म्हणजे नऊ. सरासरी आठच राहून त्याची पसरण ३.२८ वरून दीड दिवसावर आली तरी सूत्राचा सेफ्टी स्टॉक १,६३२ वरून ७६६ किलोवर येतो, ३५ बॅगा कमी. त्यासाठी आपणही काही देऊ शकतो: पुढच्या दोन महिन्यांचा अंदाज आधी कळवणं, ऑर्डर ठरलेल्या वारी टाकणं, पेमेंट कबूल तारखेला करणं. त्याच्याकडे कच्चा माल नसणं हे कारण असेल, तर हा आगाऊ अंदाजच त्याला सगळ्यात उपयोगी पडतो.

सेफ्टी स्टॉक किती दिवसांनी बदलायचा?

तिमाहीला एकदा, शेवटच्या बारा ऑर्डरींवर. एका उशिराने लगेच वाढवायचा आणि दोन वेळा वेळेवर आला की कमी करायचा, असं केलं तर ऑर्डरी उगाच खालीवर होतात आणि पुरवठादाराचीच घडी विस्कटते. अपवाद एक: लागोपाठ दोन ऑर्डरी आतापर्यंतच्या सगळ्यात लांब लीड टाइमच्याही पुढे गेल्या, तर तिमाहीची वाट न पाहता आकडा वाढवा.

आमची दालमिल आहे. हे आम्हाला लागू होतं का?

तुरीला नाही. तूर हंगामात भाव पाहून भरली जाते, तिचा साठा लीड टाइमवर नाही, बाजारावर आणि भांडवलावर ठरतो. पण छापील पिशव्यांना पूर्ण लागू होतं. छपाईच्या रांगेत आपला नंबर कधी लागेल यावर त्यांचा लीड टाइम बराच हलतो, आणि पिशवी नसली की तयार डाळ बाहेर जात नाही. सुरुवात तिथूनच करा. मागच्या वर्षभराच्या पीओ आणि गेट एन्ट्रीच्या तारखा काढल्या तरी पहिल्या बारा ओळी भरतील.